आयेचे दात आणि अडकलेलं लोखंड

आमच्या आयेच्या पायातली चप्पल कोळीवाड्यातून मासळी बाजारात जाताना वाटेत गळून पडली आणि तिला पत्ताच नाही. एक पाय चपलेत, एक उघडा, अशी ती आपल्या जागेवर जाऊन बसली. शेजारच्या मावशीने विचारलं, "गो, दुसरी चप्पल खंय टाकलीस?" ही मावशी मालवणची, पण पंचवीस-तीस वर्षं वेसाव्याच्या आमच्या बायकांत बसून मासळी विकते. आयेने खाली बघितलं आणि मावशीवरच डाफरली, की माझ्या पायाकडे कशाला बघतेस, तुझ्या बोंबलांकडे बघ.

मला हे मावशीने फोनवर सांगितलं. मी तेव्हा अंधेरीत एका ऑफिसात अकाउंट्स बघत होते, अजूनही तेच करते. मासळीच्या धंद्यात मी गेले नाही, आणि आयेने ते मला कधी माफ केलेलं नाही. मी ते हसण्यावारी नेलं नाही. कारण आये त्या दिवसांत भिंतीला हात लावून चालत होती. वर रंगही उतरला होता. उन्हात भाजून निघालेली काळीसावळी बाई, पण ओठ बघावे तर पांढरेफटक.

"थकलंय शरीर," ती म्हणायची. "मना काय झालंय? काय नाय."

काय नाय कसं? आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन निम्म्यावर. त्यांनी लोखंडाच्या गोळ्या दिल्या. आयेने त्या इमानेइतबारे खाल्ल्या, तक्रारी करत खाल्ल्या, पण हिमोग्लोबिन जागचं हललं नाही, उलट उतरलं. मग बी-बाराची इंजेक्शनं झाली. तीही फुकट. शेवटी पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात भरती केलं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या, आणि कमरेच्या हाडातून मगज, म्हणजे रक्त जिथे तयार होतं तो आतला गर, काढून तपासायला पाठवला. ती सुई बघून आये, जी जिवंत खेकडे नुसत्या हाताने धरते, ती माझा हात धरून "आये गं, आये गं" करत होती. मला रडू आवरेना.

रक्तविकाराच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की पांढऱ्या पेशीही कमी आहेत. हाडातला मगज बिघडल्यासारखा दिसतोय. हा मगजाचाच रोग असू शकतो, पुढे कॅन्सरकडे जाणारा. तसं असेल तर या वयात बरं करणं अवघड, आयुष्यभर रक्त चढवत राहावं लागेल.

मी म्हटलं, "आणि तसं नसेल तर?"

"तर एक वेगळी शंका आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईच्या अंगात लोखंड कमी नाहीच. साठा भरपूर आहे, पण तो वापरला जात नाहीये. आणि मगजातल्या पेशींमध्ये पोकळ्या दिसतायत. अंगातलं तांबं कमी पडलं की असं होतं, म्हणून मी तांबं तपासायला पाठवलंय."

तांबं! मला हसावं की रडावं कळेना. आमच्या घरी तांब्याचा हंडा आहे, आये रोज सकाळी त्यातलं पाणी पिते, आल्यागेल्याला पाजते, आणि फिल्टरवाल्यांना शिव्या घालते. शिवाय जन्मभर कालवं, खेकडे, माकुल खाल्लेली बाई. मॅडमना मी हे सगळं ऐकवलं. त्या म्हणाल्या, "कालवांत तर तांबं खच्चून असतं. म्हणूनच मलाही कोडं पडलंय."

रिपोर्ट आला. रक्तात तांबं जवळजवळ नव्हतंच. सेरुलोप्लाझ्मिन म्हणून एक प्रथिन असतं, तेही तळाला गेलेलं. आणि जस्त भलतंच वर. मॅडम खुर्ची ओढून आयेच्या कॉटजवळ बसल्या. "आजी, जस्ताची गोळी घेता का? ताकदीची, साथीच्या वेळेला देत होते तशी? कुठलं भस्म? बाबाबुवांचं काही?"

"आमी कोळी," आये म्हणाली. "आमची ताकद मावऱ्याची, ताज्या मासळीची. भस्म नाय बिस्म नाय."

मी घरी जाऊन कपाटं उचकली, देवघरामागे बघितलं. बीपीची गोळी सोडून काही सापडलं नाही. खरंच काही घेत नव्हती बिचारी. जस्त काय हवेतून येतंय? नुसता वैताग.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले. भात, बांगड्याचं कालवण. आयेने नेहमीसारखं सांगितलं, "पडदा ओढ." ती कोणासमोर दात लावत नाही. आता हे सांगायलाच हवं, की आयेचे दात खोटे आहेत. मिश्री लावून लावून खरे केव्हाच गेले. कवळी केली तेव्हा ती घट्ट बसायची, मग हिरड्या झिजल्या आणि कवळी हलायला लागली. नवी करून घे म्हटलं तर ऐकेल ती आये कसली! तिची भीती वेगळी होती. बाजारात गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना, "अगं ए बाय, ताजी सुरमई हाय, बघ तरी!" असं ओरडताना कवळी खाली पापलेटांत पडली तर? साऱ्या बाजारात तिचा आवाज पहिला. तिने आयुष्यभर त्या आवाजावर मासळी विकली होती.

म्हणून ती कवळीला चिकटवायची पेस्ट लावायची. माझा चुलतभाऊ जहाजावर कामाला, तो बाहेरून येताना पिशवीभर ट्यूबा आणायचा.

ती भिंतीकडे तोंड करून कवळीवर ट्यूब पिळत होती, तेवढ्यात मॅडम पडदा सारून आत आल्या. आये अशी दचकली की तोंड पदराने झाकून घेतलं. कवळी मात्र हातातच राहिली, आणि तिच्यावर गुलाबी पेस्टचा जाड थर.

"आजी, एवढी लावता?"

आयेने पदर आणखी ओढला. मीच म्हटलं, "खूप लावते हो. जेवायच्या आधी, जेवल्यावर, बाजारात जाताना. जेवताना थोडी पोटातही जाते तिच्या."

मॅडमनी ट्यूब उचलली, उलटीसुलटी केली, बारीक अक्षरं वाचायला खिडकीपाशी नेली. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. "यात जस्त आहे," त्या म्हणाल्या. "वाटाण्याएवढी लावायची असते. ही ट्यूब कितीक आठवडे जायला हवी."

आमच्याकडे एक ट्यूब चार दिवस पुरली तर फार. आणि हे वर्षानुवर्षं. अगं बाई! ते औषध नव्हतं, खाणं नव्हतं, म्हणून विचारणाऱ्याने विचारलं नाही आणि सांगणारीने सांगितलं नाही.

मला अजून डोक्यात शिरत नव्हतं. मी विचारलं, जस्त पोटात गेलं तर गेलं, त्याने रक्त का आटावं?

मॅडमनी समजावलं ते मला आजही तसंच्या तसं आठवतं. जस्त फार झालं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन भरमसाट तयार करतात. ते प्रथिन जस्तापेक्षाही तांब्याला घट्ट धरून ठेवतं. मग हंड्यातलं तांबं असो की कालवातलं, ते त्या पेशीतच अडकतं, रक्तात उतरत नाही. आतड्याच्या पेशी थोड्या दिवसांत झडतात, आणि तांबं त्यांच्याबरोबर शौचातून बाहेर.

"बरं, तांबं गेलं," मी म्हटलं. "पण लोखंड तर होतं ना भरपूर?"

"होतं. पण साठ्यातून लोखंड ज्या रूपात बाहेर पडतं, त्या रूपात रक्तातला वाहक त्याला उचलत नाही. आधी रूप बदलावं लागतं. ते काम करतं सेरुलोप्लाझ्मिन, आणि त्याच्या अंगात तांबं असावं लागतं. तांबं नाही, तर लोखंड आत पडून राहतं, आणि मगज उपाशी. शिवाय मगजाला आणि नसांना स्वतःसाठीही तांबं लागतं. पांढऱ्या पेशी आणि पाय त्यापायी गेले."

आयेने पदराआडून सगळं ऐकलं होतं. कवळी नसलेल्या तोंडाने ती बोबडं बोलली, "म्हणजे मावरा हाय, टेम्पो पण हाय. बर्फ लावणाराच नाय, म्हणून टेम्पोवाला पाटी घेत नाय."

मॅडम खळखळून हसल्या. "अगदी तसंच, आजी." मग त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, की मगजाचा तो दुसरा रोग बहुतेक नाहीच. हे बरं होणारं आहे. मी तिथेच, बांगड्याच्या डब्यावर, ढसाढसा रडले. आये चिडली, "कालवणात मीठ हाय, आणखी नको."

ट्यूबा सगळ्या कचऱ्यात गेल्या. काही दिवस सलाइनमधून तांबं दिलं, मग गोळ्या. जे हिमोग्लोबिन लोखंडाच्या गोळ्यांनी ढिम्म हललं नव्हतं, ते आता आठवड्यागणिक चढायला लागलं. पांढऱ्या पेशी आल्या. ओठांवर रंग आला. त्याबरोबर तिच्या शिव्याही परत आल्या, ते मात्र कोणत्याच रिपोर्टात आलं नाही.

पायांचं मॅडमनी आधीच बजावलं होतं. रक्त भरून येतं, नसांचं सांगता येत नाही. यापुढे बिघडणार नाही, पण जे गेलं ते किती परत येईल याची खात्री नाही.

नवी कवळी बनत होती तेवढा काळ आयेने घरी बसावं असं मी म्हटलं. "माझी जागा दुसरी बळकावेल," ती म्हणाली, आणि बोळकं तोंड घेऊन बाजारात गेली. मी रजा काढून सोबत गेले. ज्या बाईने दात नाहीत हे सख्ख्या शेजारणीला कळू दिलं नव्हतं, ती भर बाजारात तोंड उघडून ओरडत होती. शब्द निम्मे कळत नव्हते, पण आवाज पहिल्यासारखा. मालवणी मावशी हसून हसून कोलमडली. "गो, तुझ्यापेक्षा तुझो रावस तरी दात दाखवता!" आयेने तिला अशी काही शिवी घातली की गिऱ्हाइकंही हसली. मावशीने हसता हसताच डोळे पुसले. मला वाटलं, झालं, माझी आये मला मिळाली.

तेवढ्यात बर्फवाल्याची पाटी कलंडली. बर्फाचा चुरा ओट्यावरून सरळ आयेच्या अनवाणी पावलांवर आला, घोट्यापर्यंत. मी ओरडले. आये हलली नाही. ती समोरच्या गिऱ्हाइकाला हलव्याचा भाव सांगत राहिली. मी ओरडले म्हणून तिने खाली बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग माझा हात धरला आणि हळूच, बाजारात कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "थंड हाय का गं?"

"हो आये," मी म्हटलं. "खूप थंड आहे."

"मग काढ पाय माझे बाहेर," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली.