मोडक्या टोकाचा सात

मंठ्याच्या बाजारपेठेत कचरूचं डीटीपीचं दुकान होतं आणि रस्त्याच्या पलीकडे बरोबर समोर भुजंगचं. जागा शोधायला कचरूला अख्खं गाव मोकळं होतं. त्याने हीच घेतली, आणि मग दिवसभर समोर कोण चढतंय, कोण उतरतंय हे बघत बसला. कौसल्या, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "कामाकडं बघा की. समोर काय शिनिमा लागलाय का?" कचरू तेवढ्यापुरती मान वळवायचा.

हे दुखणं जुनं होतं. दोघेही पोरवयात सर्जेरावांच्या छापखान्यात लागले. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवायचं काम. कचरू हसनाबादचा, कष्टाला वाघ, पण सर्जेराव ओळीवर बोट फिरवून म्हणायचे, "कचरू, भुजंगाचा हात बघ." वीस वर्षांत हात बघून बघून कचरूचे डोळे शिणले. छापखाना बंद झाला, खिळे भंगारात गेले, दोघांनी कॉम्प्युटर घेतले, तरी ते वाक्य काही भंगारात गेलं नाही. बाजारात त्याला सगळे 'कचरू' म्हणत आणि समोरच्याला 'भुजंगराव'. एका रस्त्याच्या रुंदीत माणसाचा एवढा फरक का पडावा, हे त्याला कधी उमगलं नाही.

एका सकाळी कापडवाले सोहनलाल शेठ आईला घेऊन त्याच्या पायऱ्या चढले. भगवतीदेवी खुर्चीवर बसल्या आणि पदराची गाठ सोडून त्यांनी एक व्हिजिटिंग कार्ड टेबलावर ठेवलं. जाड, बदामी, आत काड्याकाड्या दिसणारा कागद. वर नवलकिशोर शेठांचं, म्हणजे त्यांच्या वारलेल्या मालकांचं नाव, खाली पत्ता आणि एकदम बारीक इंग्रजी आकड्यांत फोन नंबर.

"टेलिफोनवाल्यांनी नंबर बदलला," सोहनलाल म्हणाले. "माँला कार्ड हेच पायजे. भुजंगरावांकडं गेल्तो. ते म्हणले, जुनं कशाला, नवं रंगीत करून देतो. माँ बिलकुल तयार न्हाई."

"उनके हाथ का कार्ड है," म्हातारी म्हणाली. "फकत नंबर बदल. बाकी काय बी बदललं तर मला घरात नको."

भुजंगने सोडलेलं काम! कचरूला आतून गुदगुल्या झाल्या. त्याने कार्ड उलटसुलट केलं आणि गुदगुल्या जागच्या जागी थिजल्या. हे कार्ड सर्जेरावांच्या छापखान्यातलं होतं. जुळवलं होतं भुजंगनेच. म्हणजे आता भुजंगच्या ओळीत आपले आकडे असे घालायचे की कुणाला कळू नये. पण काम परत करणं त्याच्या जिवावर आलं. सोहनलाल रस्ता ओलांडून पुन्हा समोर गेले असते.

"होऊन जाईल, शेठ," तो म्हणाला.

त्याने कार्ड स्कॅनरवर ठेवलं आणि चांगलं बारकाईने, सहाशे डीपीआयला स्कॅन केलं. पडद्यावर नंबर हातभर मोठा दिसला. जुना नंबर पुसायला त्याने कागदाचा रंग उचलून वर फासला, तर तिथे भिंतीला डाग बुजवल्यासारखा सपाट ठिपका उमटला. कागदाची काडी नाही, दाणा नाही. मग त्याने क्लोन स्टँप घेतला आणि शेजारचा कोरा कागद उचलून आकड्यांवर बसवला. तेही फसलं: एक तांबूस काडी उठून दिसणारी होती, ती तीन जागी उगवली. ते पाहून कचरूने स्वतःलाच शिवी हासडली. पुढे त्याने एकेका आकड्यासाठी कागद वेगवेगळ्या कोपऱ्यातून आणला, ब्रशच्या कडा मऊ ठेवल्या, आणि नंबरची जागा अशी झाली की जणू तिथे कधी काही छापलंच नव्हतं.

आता नवा नंबर. फाँट लावून टाइप केला तर आकडे काळेकुळकुळीत, धारदार. खिळ्याची छपाई अशी नसते. शाई दाबाने जराशी बाहेर पसरते, कडा खरबरीत होतात, आणि इतक्या वर्षांत काळा रंग चॉकलेटी पडतो. त्याने फाँटचा नाद सोडला. आकडे कार्डातूनच उचलले: पिनकोडातून, दुकान नंबरातून, पुसण्याआधी जपून ठेवलेल्या जुन्या फोन नंबरातून. एकेक ओळीत बसवला. भुजंगच्या ओळीत एक आकडा केसभर वर उचललेला होता. कचरूनेही एक तसाच उचलला. उचलताना त्याला बरं वाटलं, भुजंगची चूक होती ना ती.

अडला तो सातावर. कार्डात कुठेही सात नव्हता. मग पाचाच्या डोक्यावरची आडवी रेघ काढली, चाराचा तिरका दांडा काढून जरा जाड केला आणि दोन्ही जोडून सात उभा केला. जोड पुसला, कडा खरबरीत केल्या. छान झाला. पण कचरू त्याच्याकडे बघतच राहिला. काहीतरी खटकत होतं.

आणि त्याला आठवलं. सर्जेरावांच्या त्या बारीक टाइपातल्या साताचं डावं टोक मोडलेलं होतं. सगळ्याच सातांचं, मापाची पट्टी पडली होती त्यांच्यावर. हे ठाऊक असलेले सर्जेराव वारले होते. उरले दोघे. एक तो स्वतः. दुसऱ्याला इथे बोट ठेवायला जागा ठेवायची नाही, एवढ्याच एका ईर्षेने त्याने माउसने ते टोक मोडलं. मग मॅट कागदावर छाप काढून कार्डं कापली.

भगवतीदेवींनी नवं कार्ड डोळ्यांजवळ नेलं, जुन्याशेजारी धरलं. डोळे भरून आले. "वही है," त्या म्हणाल्या. सोहनलाल तर खूशच झाले. कार्ड हलवत म्हणाले, "वा! काय जुळवलं होतं राव भुजंगरावांनी त्या काळात! आज बी तसंच दिसतंय."

कचरूला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढा घाम गाळला आणि नाव निघालं भुजंगचं! काम जितकं चोख, तितका तो त्यातून पुसला गेला होता. शेठ गेल्यावर तो कौसल्येवर विनाकारण खेकसला. "म्या काय केलं?" ती म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं.

आठवडाभर त्याने समोर बघितलं नाही. मग एका दुपारी भुजंगच रस्ता ओलांडून आला. चाळिशी पार केलेला, पोट सुटलेला. हातात ते कार्ड.

"सोहनलाल दाखवून राह्यले सगळ्याला," तो म्हणाला. "मला म्हणले, भुजंगराव, बघा तुमचं काम."

"मंग? तुझंच हाय की," कचरू पडद्याकडे बघत म्हणाला. आवाज कडू निघाला.

भुजंगने कार्ड उजेडाकडे धरून डोळे बारीक केले. नखाचं टोक नंबरवर ठेवलं, बरोबर सातावर. कचरूने पडद्यावरची नजर काढली.

"कार्डात सात नव्हता," भुजंग म्हणाला. "न्हाई जमणार म्हणून तर म्या रंगीत करतो म्हणलं शेठला. तू सात घडवलास. अन् टोक बी मोडलंस." त्याने कार्ड टेबलावर ठेवलं. "सर्जेराव असते तर मला म्हणले असते, भुजंगा, कचरूचा हात बघ."

कचरूला काहीतरी तिरकस बोलायचं होतं. पण त्याने खुर्ची पुढे सरकवली. "बस," तो म्हणाला. कौसल्या न सांगता चहाला वळली.

भुजंग फुंकर मारून चहा पीत होता आणि कचरू त्याच्याकडे चोरून बघत होता. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. आता तरी पोटात थंड पडायला हवं होतं. पण चष्मा नाही, भिंग नाही, आणि एवढ्याशा आकड्यात याला ते टोक दिसलं कसं, या विचाराने त्याच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.