चाळीस गाठी आणि एक ओळ

कापसाचे भाव पडलेल्या वर्षांत मी यवतमाळच्या कॉलेजात संगणक शिकवत होतो. प्रात्यक्षिक परीक्षेत एका मुलीला प्रश्न आला: कापसाच्या चाळीस गाठींतून ट्रकच्या क्षमतेइतक्या नेमक्या वजनाच्या गाठी निवडा. पास व्हायची तिची ही शेवटची संधी होती. तिचा प्रोग्राम प्रत्येक गाठ घेऊन आणि सोडून पाहत होता, पण बेरीज शेवटच्या गाठीनंतरच तपासत होता, म्हणून तास उलटला तरी संपत नव्हता. वजन क्षमतेपुढे गेलं, की तिथूनच मागे फिरायला हवं होतं. एका ओळीचं काम, पण मला बोलायची मुभा नव्हती. बाहेरून आलेले परीक्षक चहा पीत संगणकयुगावर बोलत होते.

"सर, चालूच हाये, उत्तर येऊन राह्यलं," ती म्हणाली.

तेवढ्यात भारनियमन सुरू झालं आणि पंखे, संगणक सगळं बंद पडलं.

"उत्तर कुठे आहे?" परीक्षकांनी विचारलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी उठून खिडकी उघडली; तेवढंच माझ्या हातात होतं.