पट्टीचं शेवटचं घर

बाईंना विद्यार्थी पाठीमागे 'जर-तर मॅडम' म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गॅस बंद केल्यावर त्या पुन्हा जाऊन बघत, दार ओढल्यावर पुन्हा ढकलून बघत, आणि फळ्यावर दोन आणि दोन चार लिहिल्यावर क्षणभर मागे सरकून चाराकडे संशयाने बघत. गणित शिकवणाऱ्या माणसाला हा स्वभाव शोभतो, असं त्यांचं म्हणणं. हा स्वभाव सहन करायला लागतो, असं त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं.

वर्षानुवर्षं त्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचा पगार, आणि उन्हाळ्यात नुसता उन्हाळा. आता कायमची एक जागा निघाली होती. त्यासाठी निवड समितीसमोर, खऱ्या वर्गात, एक पाठ घ्यायचा होता. विषय त्यांनीच निवडला: दोन घरं रुंद पट्टी डॉमिनोंनी किती प्रकारे झाकता येते. डॉमिनो म्हणजे शेजारची दोन घरं झाकणारा तुकडा, उभा ठेवा नाहीतर आडवा.

"अगं, दरवर्षी शिकवतेस की हे. झोपेतसुद्धा सांगशील," नवरा म्हणाला.

"म्हणूनच भीती वाटते. झोपेत सांगितलेलं कोण तपासतं? आणि जर कुणी मधेच विचारलं तर?"

"तर हसायचं आणि हो म्हणायचं. समितीला हो आवडतं. माझं लग्न त्यावरच टिकलंय."

बाईंनी ते ऐकलंच नाही. त्या बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापत होत्या. प्रत्येक बाकावर तुकड्यांची एक पुडी. गरज नव्हती, पण जर फळ्यावरचं कुणाला दिसलं नाही तर!

पाठाच्या दिवशी मागच्या बाकावर समिती बसली. विभागप्रमुख घाम पुसत होते, कारण बाईंचं नाव त्यांनीच पुढे केलं होतं. त्यांच्या शेजारी बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई, चेहऱ्यावर इस्त्री केलेली.

सुरुवात बरी झाली. एका स्तंभाची, म्हणजे वर-खाली दोनच घरांची, पट्टी: एकच उभा तुकडा, एक प्रकार. दोन स्तंभ: दोन्ही उभे किंवा दोन्ही आडवे, दोन प्रकार. मग तज्ज्ञ बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. फक्त पाहिलं. पण तेवढ्यानेच जर-तर मॅडमचं रोजचं वाक्य कुठल्या कुठे पळालं. त्याच्या जागी दुसरंच तोंडातून बाहेर पडलं.

"पट्टी संपते कशी? शेवटी एकतर एक स्तंभ येतो, नाहीतर दोन स्तंभांचा चौकोन. स्तंभ भरायचा प्रकार एक, चौकोन भरायचे प्रकार दोन. म्हणून मागची संख्या, अधिक तिच्या मागच्या संख्येची दुप्पट!"

आणि त्यांनी ते ठसठशीत लिहिलंसुद्धा. "तीन स्तंभांसाठी दोन, अधिक एकाची दुप्पट. चार प्रकार. करून बघा."

पुड्या सुटल्या, पुठ्ठे सरकू लागले. पुढच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी हात वर करून म्हणाली, "मॅडम, तीनच होतात."

"नीट शोध. चौथा असेल."

ती आज्ञाधारक पोर बाकाखाली वाकून शोधायला लागली. मागून एका मुलाचा आवाज आला, "आमच्याकडेही तीनच, मॅडम. चौथा घरी राहिला वाटतं!"

वर्ग हसला. विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले. बाईंच्या मनात आलं: अकराशे वेळा तपासणारी मी, आणि आजच! खडू खाली ठेवून त्या पुढच्या बाकाशी गेल्या आणि मुलीचे तुकडे हातात घेतले, कारण घाबरल्यावर त्यांना एकच गोष्ट जमायची: परत पहिल्यापासून बघणं.

शेवटी एक उभा. आधीचे दोन स्तंभ उभे-उभे, किंवा आडवे. दोन प्रकार. आता शेवटी चौकोन. आधी एक उभा, मग आडवी जोडी. तिसरा. आधी एक उभा, मग उभे-उभे.

त्यांचा हात थांबला.

"ए, हा तर मघाशीच झाला," चष्मेवाली म्हणाली. "तिन्ही उभे. पहिलाच!"

"झाला," बाई हळूच म्हणाल्या. "मी एकाच पोराची हजेरी दोनदा लावली. चौकोन उभ्यांनी भरला तर त्याचा शेवट उभ्याने होतो, आणि शेवट उभा असलेले सगळे आपण आधीच मोजलेत. मग शेवटी खरोखर नवीन काय येऊ शकतं?"

"फक्त आडवी जोडी!"

"म्हणजे शेवटच्या स्तंभात उभा तुकडा, तर मागचे सगळे प्रकार. आडवे दोन, तर त्याच्याही मागचे सगळे. दुप्पट नाही. मागच्या दोघांची नुसती बेरीज."

त्यांनी फळ्यावरची ती दुप्पट पुसली. एक, दोन, तीन, पाच. चार स्तंभांचे पाचही प्रकार पुठ्ठ्यांनी करून बघितल्याशिवाय पोरांनी पुढे जाऊ दिलं नाही. संशय संसर्गजन्य असतो.

पाठ संपल्यावर तज्ज्ञ बाई पुढे आल्या. "ती चूक मुद्दाम केलीत ना? चांगली युक्ती आहे."

त्यांच्या पाठीमागे विभागप्रमुख जोरजोरात मान हलवत होते: हो म्हणा, हो म्हणा! नवऱ्याचा सल्लाही आठवला. एका शब्दात उन्हाळ्याचा पगार होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "खरंच चुकले. घाबरले होते."

विभागप्रमुखांची मान मधेच थांबली.

"बाहेर थांबा," तज्ज्ञ बाई म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात एक लंगडा बाक होता. बाई त्यावर बसल्या आणि पर्समधून उरलेले पुठ्ठे काढले. पाच स्तंभ, आठ प्रकार यायला हवेत. त्यांनी मांडले, मोजले. सात. पुन्हा मांडले. सातच! म्हणजे बेरीजही चुकीची? आत जाऊन सांगायचं का, की पुसलेलंही चुकलं आणि लिहिलेलंही?

मग त्यांनी स्वतःलाच दटावलं. शेवट बघ, बाई. शेवट उभा असलेले: चार स्तंभांचे पाच. आहेत. शेवट आडवा असलेले: तीन स्तंभांचे तीन हवेत. दोनच मांडलेत. तिन्ही उभे आणि मग आडवी जोडी, आहे. आडवी जोडी, उभा, आडवी जोडी, आहे. मग एक उभा आणि लागोपाठ दोन आडव्या जोड्या कुठाय? तो राहिला होता. त्यांनी तो मांडला. आठ. तो असणारच होता. फक्त शोधायचा होता.

शिपाई बोलवायला आला तेव्हा पुठ्ठे आवरायला वेळ मिळाला नाही. तज्ज्ञ बाई दारातून डोकावून बाकाकडे बघत होत्या.

"हे काय?"

"पाच स्तंभांचे आठ. आधी सातच सापडले होते."

"मग आठवा आहे, हे कशावरून?"

"पाच शेवट उभ्याचे, तीन आडव्याचे. आडव्यांत दोनच होते, म्हणून त्यातलाच हरवलाय हे कळलं."

इस्त्री जराशी मोडली. "हेच वर्गात सांगायचं राहिलं तुमचं. नवीन वर्षात पहिल्या तासाला सांगा." मग विभागप्रमुखांकडे वळून, "वेळापत्रकात यांचं नाव घाला. पेनने, पेन्सिलने नाही."

बाईंनी जिन्यातच फोन लावला. "अहो, झालं. मिळाली." आणि नवऱ्याचा आनंद पुरता ऐकूनही न घेता, "पण सकाळी गॅस…"

"बंद आहे. दोनदा बघून आलो."

"दोनदा कशाला?" बाई म्हणाल्या. "एकच गॅस आहे, एकदाच मोजायचा."