आऱ्याच्या मथुराने बदललेला नंबर

मथुराची शाळा सातवीत सुटली. नवरा मुंबईला गोदीत. आरे-वारेच्या रस्त्यालगत आमच्या गावच्या अनिलचं दोन खोल्यांचं घर आहे, ते पर्यटकांना भाड्याने जातं. अनिल जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घर चालवते ती मथुरा.

अनिलला दाराला स्मार्ट लॉक हवं होतं. मीही म्हटलं, बसव, जमाना बदललाय. चळवळीत वीस वर्षं काढलेला माणूस मी, मला न विचारता गावात कोण काय करतो? मथुरा दारापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, दोन फळ्यांचा जुना दरवाजा हाय, कडी-कोयंड्याचा. ह्याला ता बसणार कसा? वर खारा वारा. सेल संपला तर पावनो रस्त्यात."

"मग काय, किल्ली तुळशीत ठेवणार?" मी टोमणा मारला.

तिने चार आकड्यांची किल्लीपेटी आणायला लावली. रबरी झाकणाची, भिंतीत पक्की केलेली. पाहुणा गेला की ती पेटी उघडायची, आतली खुंटी सरकवून नवे आकडे लावायची, खुंटी परत जागेवर. मग आकड्यांच्या चाकांचा फोटो अनिलला पाठवायची, किल्ली आत, झाकण बंद, आकडे विस्कटायचे. दुसरी किल्ली जवळच्या आत्मारामच्या चहाच्या दुकानात, आणि वेगळ्या किल्लीचं एक कुलूपही. "पेटी अडली तर ही किल्ली, किल्लीची नक्कल कोणी केलान तर ता कुलूप," असं तिचं गणित. मला ते बाईमाणसाचं भित्रेपण वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी सांगलीची चार पोरं गेली. त्यांचा नंबर २७१८. मथुराने तो बदलून ६०३५ केला. दुपारी आमच्या मोर्चासाठी आलेल्या वकीलबाईंना आडवं व्हायला ती खोली मी अनिलला फोन करून मागून घेतली. नवा नंबर मथुराने फोनवर सांगितला. जुना, त्या पोरांच्या वेळी ऐकलेला, मला पाठ होता. आता आत-बाहेर करताना सारखं तिला विचारत कोण बसणार? पेटी उघडली तशी खुंटी सरकवली आणि पुन्हा २७१८ लावला. संध्याकाळी मोर्चाच्या गडबडीत तिला सांगायचं विसरलो.

शुक्रवारी कोल्हापूरचं कुटुंब आलं. मथुरा भाचीच्या साखरपुड्याला देवरुखला गेलेली. ६०३५ लागेना, म्हणून ते लोक तिने आधीच सांगितल्याप्रमाणे आत्मारामकडे आले. मी तिथेच चहा पीत होतो. आत्माराम किल्ली काढतोय तोवर मी ऐटीत म्हणालो, "किल्ली कशाला? २७१८ लावा." उघडलं. आत्माराम म्हणाला, "भाऊ, तुमचं बरं असतं हां." मी खूश.

शनिवारी दुपारी ते कुटुंब किल्ली पेटीत ठेवून किनाऱ्यावर गेलं. परत आलं तर खोलीत सांगलीची दोन पोरं. एक पाय धूत होता, दुसरा पलंगाखाली चार्जर शोधत होता. "परतताना विसरलेला चार्जर न्यायला थांबलो, जुना नंबर लागला म्हणून आत आलो," म्हणाली. काही गेलं नव्हतं, पण त्या कुटुंबातली सून आत पाऊल टाकायला तयार नव्हती. आरडाओरडा झाला, माणसं जमली. मीही पोचलो.

मथुरा देवरुखहून नुकती आलेली. विचारपूस न करता मी भडकलो. "एवढं एकच काम आहे तुला! नंबर बदलायचा! गावाचं नाव घालवलंस."

"बदललेला हाय," ती म्हणाली आणि फोटो दाखवला. ६०३५. गुरुवार, सकाळी साडेदहा.

तेव्हा मला आठवलं सगळं. आत्माराम माझ्याकडे बघत होता. मी गप्प. अनिलचा फोन स्पीकरवर होता: "फोटो काय, नंतर परत फिरवला असशील. मथुरावैनी, सोमवारपासून दुसरी बाई बघतो मी." तरी मी गप्प. बायांच्या कामाच्या हक्कावर भाषणं ठोकणारा मी.

तिने वाद घातला नाही. आत्मारामकडून वेगळं कुलूप आणून दाराला लावलं, त्याची किल्ली सुनेच्या हातात दिली, पेटीचा नंबर बदलला आणि चालती झाली.

रविवारी संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, मी अनिलला फोन करून खरं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला, मग मथुराला राहा म्हणाला. मी तिच्या अंगणात गेलो. ती भात पाखडत होती.

"चुकलं माझं, मथुरा."

तिने सूप खाली ठेवलं नाही. "बोललात ता पन्नास माणसांत. नि चुकलं म्हणताय अंगणात, एकट्यात?"

मी घरी येऊन कागद पुढ्यात घेतला. 

कोल्हापूरच्या त्या सुनेला अजूनही वाटत असेल, निष्काळजी होती ती कामवाली. त्या दिवशी जमलेल्यांपैकी निम्म्यांना तसंच वाटतं. म्हणून हे लिहिलं. तो नंबर मथुराने बदलला होता. परत जुना लावला तो मी, आणि ते माहीत असूनही तिची नोकरी जाताना तोंड मिटून उभा राहिलो तोही मीच. हे छापून आलं की तो कागद आत्मारामच्या दुकानात भिंतीला लावणार आहे. मथुरा वाचेल की नाही, माहीत नाही.