खालाने विचार केला होता

खाला गेली. वलवणला, घरी, स्वतःच्या खाटेवर. तिला हवं होतं तशीच.

सकाळपासून फोन येतायत. "अगं, केमो घ्यायला लावायची ना!"
म्हणून हे एकदाच लिहिते. मग फोन बंद.

खाला म्हणजे अम्मीची थोरली बहीण. जन्मभर लोणावळ्यात मराठी शिकवलं. शब्द चुकला की भर लग्नातसुद्धा कान धरायची.

रिपोर्ट खराब आले. डॉक्टर म्हणाले, केमोने थोडे महिने मिळतील, पण त्रास फार होईल.
"विचार करते," खाला म्हणाली.
आणि गप्प झाली. कितीतरी दिवस.

मामूंना, म्हणजे तिच्या भावाला, ते सहन होईना. पुढच्या व्हिजिटला त्यांनी डॉक्टरांना सांगूनच टाकलं, "ही नुसती रवंथ करत बसते. डिप्रेशन आलंय. सही मीच करतो, केमो सुरू करा."

खाला खुर्चीत ताठ झाली.

"रवंथ मी सुरुवातीला केला, डॉक्टर. माझ्याच नशिबी का, माझ्याच नशिबी का. तेच तेच चघळायचं. त्यातून काही निघत नाही, तोंड तेवढं कडू होतं."

डॉक्टर हसले. "मग आता चिंतन?"

"छे हो! चिंतन मौलानांनी करावं, महाराजांनी करावं. नाहीतर निवडणूक हरलेल्या पुढाऱ्यांनी! तुम्ही जे सांगितलंत त्यावर मी मनन केलं. ते झालं शाळेतलं बोलणं. घरात आम्ही म्हणतो, मनात घोळवलं. आणि मग विचार केला. केमो की घर, एवढाच. विचाराला शेवट असतो. माझा झालाय."

मग मामूंकडे वळली.
"आणि तुम्ही सगळे बाहेर बाकड्यावर करताय ना, तो खल. माझ्या जिवाचा खल करायचा तर मला बोलवा तरी!"

डॉक्टरांनी तिला फिरवून फिरवून विचारलं. उत्तर एकच. घरी.

"यांचं डोकं अगदी ठिकाणावर आहे," ते मामूंना म्हणाले. "सही यांचीच."

मामू रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर ती खिडकीशी बसायची, धरणाकडे बघत.
एकदा विचारलं, "खाला, कसला विचार करतेस?"
"विचार संपला गं. ही तंद्री आहे. कशाबद्दल आहे तेही माहीत नाही, पण मस्त आहे. मोडू नकोस."

त्या दिवसापासून मी दारात बसले.
नवीन डॉक्टरचा नंबर घेऊन आलेल्या मामूंना चहा पाजून परत पाठवलं. काढ्यावाल्यांना, ताबीजवाल्यांना गेटवरूनच. शिव्या खाल्ल्या. अजून द्यायच्या असतील तर द्या, मी इथेच आहे.

खाला, तुझी तंद्री मी कुणालाच मोडू दिली नाही.

नीज आता. खुदा हाफिज.