साहेबांच्या तोंडचं वाक्य

गडचांदूरजवळच्या एका खाण कंपनीत धनराज तिथल्या मोठ्या साहेबांची भाषणं सुधारून द्यायचा. मसुदा मोठ्यानं वाचायचा आणि जिथं दम लागेल तिथं वाक्य तोडायचा. ग्रामसभेच्या भाषणात होतं, ‘बाधितांच्या यथोचित पुनर्वसनाचा विचार करण्यात येईल.’ हे बोलताना जिभेलाच ठेच लागे. त्यानं केलं, ‘बाई, तुमाले उघड्यावर सोडनार नाई.’

साहेब गावच्या जावयासारखे बोलले. विरोधाला जमलेल्या गावानं खाणीसाठी हात वर केले. त्यात धनराजची आई, गुणाबाईही होती.

“माय, तू काऊन हात वर केला?”

“जो कागदातलं वाचते, त्याच्यावर भरोसा नाई माहा. हा तं आपल्यावानी बोलला रे!”

कंपनीनं सही केलेल्या करारात वाक्य जुनंच होतं.