रिकामा चौकोन

रोह्याच्या कंपनीत आठवडाभर रात्रपाळी केली आणि सुट्टीच्या रविवारी पेणजवळच्या जोहे गावच्या तरुण मंडळात वेळेच्या नियोजनावर बोलायला गेलो. समोरची पोरं-पोरी गणपतीच्या मूर्तींच्या घरच्याच कारखान्यांत राबणारी. फळ्यावर आठवड्याचे सात चौकोन आखले.

म्हटलं, "आधी माल द्यायचा दिवस लिहा. तिथून उलटं मागे या: डोळ्यांची आखणी, रंग, सुकणं. रोज झेपेल तेवढंच लिहा आणि एक चौकोन रिकामा ठेवा. काम लांबलं तर तोच वाचवतो. जादा ऑर्डर आली तर सरळ नाही म्हणा."

मूर्तींचे डोळे आखणारी एक मुलगी म्हणाली, "सर, रिकामा दिसला की बाबा त्यातपण मूर्ती घुसवतील."

सगळे हसले. झोपेनं माझे डोळे चुरचुरत होते. मी चिडून म्हणालो, "मग त्यात 'विश्रांती' असं लिहा! लाज कसली त्यात?"

"तुमचा कुठला चौकोन रिकामा हाय, सर?" तिनं विचारलं.

जिभेवर आलेलं उत्तर गिळलं आणि खरं ते सांगितलं. "हाच. आजचा."



"मग घरी जा, सर," ती म्हणाली. "पेणची एसटी येईलच."

पुढच्या रविवारी पुन्हा याल का, असं विचारायला उठलेला मंडळाचा अध्यक्ष परत खाली बसला.